पंखवाली मुंगी की पंखवाली वाळवी? पंख, कंबर आणि मिशांवरून ओळखण्याची पद्धत

पाऊस पडून गेल्यावर हवा उबदार, दमट आणि स्तब्ध झाली की दिव्याभोवती किंवा खिडकीच्या काचेवर पंख असलेल्या लहान किड्यांचा थवा जमतो. पुष्कळदा हे किडे पंखवाल्या मुंग्या तरी असतात किंवा पंखवाली वाळवी तरी. दोघांचेही आकारमान जवळपास सारखे असते, रंग तपकिरी ते काळा असतो आणि दोघेही थव्याने बाहेर पडून थोड्याच वेळात नाहीसे होतात. मात्र पहिल्या प्रकारात बहुधा केरसुणी पुरते, तर दुसऱ्या प्रकारात घराच्या लाकूडकामाची आणि पायाची तपासणी करावी लागते. ही पद्धत पहिल्यांदाच अशा थव्याला सामोरे जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिली आहे.

सुरुवातीला एक पार्श्वभूमी लक्षात घ्यावी, म्हणजे पुढच्या खुणा पाठ कराव्या लागणार नाहीत. दिसण्यात कितीही साम्य असले तरी मुंगी आणि वाळवी यांचे नाते फार दूरचे आहे. मुंगी ही गांधीलमाशी आणि मधमाशी यांच्या गटातली आहे, तर वाळवी झुरळांच्या गटात मोडते. मुंगीची बारीक कंबर, पुढचे मोठे आणि मागचे लहान पंख, तसेच काटकोनात वळलेल्या मिशा या गोष्टी तिच्या गटाला साजेशा आहेत. वाळवीचे सरळ रुंद शरीर आणि सरळ मिशा यांचा उगमही तिच्या वेगळ्या वंशात आहे. पंख मात्र दोघांनाही एकाच कारणासाठी असतात. वसाहत मोठी झाली की तिच्यात नर आणि भावी राण्या तयार होतात, आणि ते जोड्या जुळवण्यासाठी एकदाच बाहेर उडतात. दोघांनाही त्यासाठी दमट हवा सोयीची असल्यामुळे दोन्ही थवे एकाच संध्याकाळी निघू शकतात. म्हणून केवळ ऋतू, वेळ किंवा पाऊस यांवरून निष्कर्ष काढू नये.

लागणारे साहित्य

झाकण असलेली छोटी पारदर्शक डबी, मऊ ब्रश किंवा पातळ कागदाचा तुकडा, पांढरा कोरा कागद, एक टाचणी, पारदर्शक चिकटपट्टी आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढे पुरते. भिंग नसल्यास मोबाईलचा कॅमेरा जवळून वापरता येतो, पण मिशांचा आकार पाहताना भिंगाची उणीव जाणवते. नमुने काही दिवस ठेवायचे असतील, तर हात निर्जंतुक करण्याचे पातळ अल्कोहोल डबीत थोडे ओतावे. जेलच्या रूपातले घेऊ नये, कारण त्यात मिशा आणि पाय चिकटून बसतात.

१. थवा असतानाच नमुना घ्यावा

थवा फार वेळ टिकत नाही. अनेकदा अर्ध्या तासात सगळे संपते आणि मागे फक्त पंख राहतात. त्यामुळे किडे दिसताच फवारणीचा डबा उचलण्याऐवजी नमुन्याची डबी उचलावी. फवारणीने समोर उडणारे किडे मरतात, पण वसाहतीला त्याने धक्का लागत नाही, शिवाय किडे कुठून बाहेर पडत होते हे समजण्याची संधीही जाते. चप्पल किंवा वर्तमानपत्राने ठेचलेला किडा ओळखीच्या दृष्टीने निरुपयोगी असतो, कारण नेमकी कंबरच चिरडली जाते.

किमान चार-पाच किडे घ्यावेत आणि ते एकाच जागचे नसावेत. खिडकीजवळचे दोन, दिव्याखालचे दोन आणि जमिनीवर चालणारा एखादा असे घेतले तर उत्तम. प्रत्येक नमुना कुठे सापडला याची चिठ्ठी त्याच्यासोबत ठेवावी. ही खबरदारी अनावश्यक वाटेल, परंतु एकाच खोलीत दोन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात, आणि तेव्हा एकाच किड्यावरून संपूर्ण थव्याचा निकाल लावणे धोक्याचे ठरते. थवा चालू असताना त्याचा उगम दिसला, तर त्या फटीजवळ पंख नसलेले कोण उभे आहेत हेही पाहावे. गडद रंगाच्या, नेहमीच्या मुंग्या असतील तर थवा मुंग्यांचा आहे. फिकट पांढरट, मऊ अंगाचे कामकरी आणि पिवळसर-तपकिरी मोठ्या डोक्याचे सैनिक दिसले तर ती वाळवीच आहे, आणि मग पुढची भिंगातली तपासणी केवळ खात्रीसाठी उरते.

२. आधी कंबर पाहावी

संपूर्ण किडा हाती असेल तर कंबरेपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. पंख गळतात, मिशा तुटतात, पण कंबर जागची हलत नाही. मुंगीच्या छातीचा भाग आणि पोट यांच्यामध्ये एक अगदी अरुंद देठ असतो आणि त्या देठावर एक किंवा दोन उंचवटे असतात. त्यामुळे शरीराचे तीन भाग एकमेकांपासून स्पष्ट सुटे दिसतात. वाळवीत असा देठ नसतो. छाती आणि पोट जवळपास सारख्याच रुंदीने एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे डोक्यामागचे सगळे शरीर एकसलग दिसते.

इथे नवख्यांची फसगत होण्याचे कारण म्हणजे पाहण्याची दिशा. किडा पोटावर बसलेला असताना वरून पाहिले तर मिटलेले पंख नेमकी कंबरच झाकतात आणि मुंगीसुद्धा एकसलग वाटते. म्हणून किडा पांढऱ्या कागदावर घेऊन टाचणीने हलकेच कुशीवर वळवावा आणि बाजूने पाहावे. बाजूने पाहताना मुंगीच्या देठावरचा उंचवटा वर उठलेला दिसतो आणि त्याच्या पुढे-मागे खोबण दिसते. फोटो काढायचा असल्यास तोही बाजूनेच काढावा, कारण वरून काढलेल्या फोटोवरून तज्ज्ञालाही ठामपणे सांगणे अवघड जाते.

भावी राणी मुंगीचे पोट भरदार असते, त्यामुळे तिच्या पोटाच्या पुढच्या कडेखाली देठ दडू शकतो. अशा वेळी टाचणीने पोट किंचित मागे ढकलून पाहावे. तसेच हातात घेतल्यावर अंगाचा कठीणपणाही जाणवतो. मुंगीचे कवच टणक आणि बहुधा चकचकीत असते, वाळवीचे अंग मऊ असते आणि थोड्या दाबानेही पिचते. ही खूण दुय्यम आहे, पण शंका असेल तेव्हा ती कामी येते.

३. पंख: लांबी, जोडी आणि शिरा

दोघांनाही चार पंख असतात, म्हणून पंख मोजून काही कळत नाही. पाहायचा असतो तो पुढच्या आणि मागच्या पंखांच्या आकारातला फरक. वाळवीचे चारही पंख लांबीने आणि आकाराने जवळपास सारखे असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे पंख स्पष्टपणे लहान असतात. हा फरक मोजपट्टीशिवायही दिसतो, पण त्यासाठी पंख एकमेकांपासून वेगळे करावे लागतात, आणि हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

वाळवी बसलेली असताना तिचे पंख पाठीवर एकावर एक सपाट रचलेले असतात, त्यामुळे चारऐवजी एकच लांब पंख असल्यासारखे वाटते. मुंगीच्या बाबतीत अडचण वेगळी असते. तिच्या मागच्या पंखाच्या पुढच्या कडेवर सूक्ष्म आकड्यांची रांग असते आणि त्या आकड्यांनी तो पुढच्या पंखाच्या मागच्या कडेला अडकलेला असतो, म्हणजे उडताना दोन्ही पंख एकाच वेळी हलतात. परिणामी मुंगीला दोनच पंख आहेत असा भास होतो. मेलेला किडा कागदावर ठेवून टाचणीच्या टोकाने पंख बाजूला पसरावेत. आकड्यांची पकड सुटली की लहान मागचा पंख वेगळा दिसतो.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पंखांची शरीराच्या तुलनेत लांबी. वाळवीचे पंख पोटाच्या टोकापलीकडे पुष्कळ पुढे जातात आणि अनेक जातींत त्यांची लांबी शरीराच्या सुमारे दुप्पट असते. मुंगीचे पुढचे पंख पोटाच्या टोकाच्या थोडे पुढे जातात, पण इतके लांब वाटत नाहीत. मात्र केवळ लांबीवर विसंबून राहू नये. नर मुंग्यांचे शरीर सडपातळ आणि लहान असल्यामुळे त्यांचे पंख अंगाच्या मानाने मोठे दिसतात, आणि अशा नरांनाच लोक सर्वाधिक वेळा वाळवी समजतात.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण शिरांमध्ये आहे. भिंगाखाली पंख उजेडासमोर धरावा. मुंगीच्या पुढच्या पंखात मोजक्या, ठळक, तपकिरी शिरा असतात. त्या एकमेकींना मिळून काही बंद चौकटी तयार करतात, आणि बहुतेक जातींत पुढच्या कडेवर मध्याच्या पुढे एक गडद ठिपका असतो. वाळवीच्या पंखात पुढच्या कडेलगत दोन-तीन जाड शिरा एकमेकींना समांतर जातात, तर उरलेल्या पंखभर बारीक, फिकट शिरांचे पसरट जाळे असते. त्यात तो गडद ठिपका नसतो. पंखाचा रंग बहुधा दुधट किंवा धुरकट असतो, पण रंग जातीनुसार बदलतो आणि ओल्या पंखाचा रंग वेगळा भासतो, म्हणून रंग शेवटी पाहावा.

४. मिशा

तिसरी खूण शृंगिकांची, म्हणजेच मिशांची. ती लहान असते आणि भिंगाशिवाय नीट दिसत नाही. मुंगीच्या मिशीचा पहिला भाग लांब आणि सरळ असतो, त्यानंतर मिशी एकदम वळते आणि उरलेले लहान भाग वेगळ्या दिशेने जातात. वाळवीची मिशी मुळापासून टोकापर्यंत एकाच रेषेत असते आणि तिचे लहान गोलसर भाग मण्यांच्या माळेप्रमाणे एकापुढे एक दिसतात. ती हलकी वाकू शकते, पण तिच्यात तीव्र वळण नसते.

या खुणेत एक पळवाट आहे, ती ठाऊक असावी. नर मुंग्यांच्या मिशीचा पहिला भाग अनेक जातींत आखूड असतो, त्यामुळे वळण पुसट होते आणि मिशी जवळजवळ सरळ वाटते. घरात उडत येणाऱ्या पंखवाल्या मुंग्यांमध्ये नर पुष्कळ असतात. म्हणून मिशा सरळ दिसल्या आणि कंबर मात्र बारीक दिसली, तर कंबरेचे म्हणणे खरे मानावे. उलटपक्षी, वळलेल्या मिशा स्पष्ट दिसल्या तर ती वाळवी नव्हेच. एका वाक्यात सांगायचे तर, वळण दिसणे हा मुंगीचा पुरावा आहे, पण वळण न दिसणे हा वाळवीचा पुरावा नाही.

ज्या खुणांना इथे जागा दिलेली नाही त्या मुद्दामच वगळल्या आहेत. आकारमान आणि रंग जातीनुसार इतके बदलतात की त्यांवरून दोघांना वेगळे करता येत नाही. दिव्याकडे आकर्षित होणे, संख्येने खूप असणे, अंगावर येऊन बसणे, यांपैकी काहीही एकाच गटाचे वैशिष्ट्य नाही.

५. किडे नसतील, फक्त पंख सापडले असतील तर

घरात प्रत्यक्षात सर्वाधिक वेळा हीच स्थिती असते. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा ढीग असतो आणि किडा एकही नसतो. वाळवीच्या पंखांच्या मुळाशी एक जन्मजात कमकुवत रेषा असते. जमिनीवर उतरल्यावर नर आणि मादी दोघेही या रेषेवरून पंख पाडून टाकतात आणि अंगावर फक्त लहान त्रिकोणी खुंट उरतात. म्हणून वाळवीचा थवा उतरला की ढिगात सारख्या आकाराचे, सुटे, पुष्कळ पंख असतात. मुंग्यांमध्ये पंख पाडतात त्या राण्या. नरांचे आयुष्य जोडी जुळवल्यानंतर थोडेच उरते आणि ते पंखांसकट मरतात. त्यामुळे मुंग्यांच्या थव्यानंतर कट्ट्यावर बहुधा पंख असलेले मेलेले किडेच दिसतात, सुटे पंख त्या मानाने कमी.

सुटा पंख चिकटपट्टीवर उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवावा. असे आठ-दहा पंख शेजारी-शेजारी लावले तर ते दोन आकारांचे आहेत की एकाच, हे सहज समजते. दोन आकार आढळले, ठळक शिरा आणि गडद ठिपका दिसला, तर मुंगी. सगळे एका आकाराचे, बारीक शिरांचे आणि मुळाशी सरळ छाटल्यासारखे असतील तर वाळवी. अपवादही आहे. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेल्या किड्यांचे पंख शिल्लक राहतात, आणि ते तुटलेले, कडा फाटलेले असतात. असे पंख मोजणीतून बाजूला काढावेत.

पंख पाडलेले किडे चालताना दिसले तर त्यांची चाल लक्ष देऊन पाहावी. वाळवीची मादी पुढे आणि नर तिच्या अगदी मागे, अशा जोड्या एकामागे एक चालतात, कारण दोघांना मिळून घर शोधायचे असते आणि वाळवीत नरही पुढे वसाहतीत राजा म्हणून जगतो. एकटीच, मोठ्या फुगीर छातीची, पंख गळून पडलेली मुंगी दिसली तर ती राणी असते आणि ती एकटीनेच बीळ खणते.

६. उगम शोधावा, कारण अर्थ त्यावर अवलंबून असतो

ओळख पटल्यानंतर लगेच दुसरा प्रश्न विचारावा: किडे बाहेरून दिव्याकडे आले की घरातूनच निघाले? बाहेरच्या दिव्याभोवती वाळवीचा थवा असणे म्हणजे आसपासच्या जमिनीत किंवा झाडाच्या खोडात कुठेतरी मोठी वसाहत आहे, एवढेच. त्याने घराला वाळवी लागली असे सिद्ध होत नाही. घराच्या आत, खिडक्या बंद असताना थवा निघणे मात्र गंभीर मानावे. पंखवाले किडे तयार करण्याइतकी वसाहत मोठी होण्यास साधारणपणे काही वर्षे लागतात, अनेक जातींत तीन ते पाच. म्हणजे घरातला थवा ही नव्या घुसखोरीची नव्हे, जुन्या वास्तव्याची खूण असते.

घरातून निघालेले किडे उजेडाकडे जात असल्यामुळे पंख खिडकीजवळ साठतात, पण उगम खिडकीत असेलच असे नाही. तो शोधताना बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या भिंती, जमीन व भिंत यांचा सांधा, चौकटीचा खालचा भाग आणि पाईप भिंतीत शिरतात त्या जागा यांना प्राधान्य द्यावे. जिथे पंख गळालेले नाहीत, पण किड्यांच्या रांगा वर येताना दिसल्या आहेत, तिथे उगम असण्याची शक्यता जास्त.

७. एक उदाहरण, पायरीपायरीने

ओळखीच्या एका कुटुंबाच्या तळमजल्यावरच्या खोलीत पावसानंतरच्या संध्याकाळी थवा जमला. एका खिडकीवर दिवा होता आणि ती उघडी होती. दुसरी खिडकी बंद होती आणि तिच्या चौकटीखाली दुसऱ्या दिवशी पंखांचा जाडसर थर दिसला. घरातल्या मंडळींनी फोटो काढला होता, तो वरून, म्हणून त्यातून काही ठरत नव्हते. नमुने मात्र दोन डब्यांत वेगळे ठेवलेले होते, आणि त्याचाच उपयोग झाला.

उघड्या खिडकीजवळच्या डबीतले किडे कुशीवर वळवले तेव्हा देठ आणि त्यावरचा उंचवटा दिसला. मिशा पाहिल्या तर त्या जवळजवळ सरळ वाटल्या. त्यामुळे गोंधळ झाला, परंतु डोके लहान, डोळे मोठे आणि शरीर सडपातळ असल्याने ते नर असल्याचे कळले. पंख पसरल्यावर मागची जोडी स्पष्ट लहान निघाली आणि पुढच्या पंखावर गडद ठिपका होता. या मुंग्या होत्या, दिव्याला बाहेरून आलेल्या.

बंद खिडकीखालच्या डबीत किडे नव्हते, फक्त पंख आणि एकच पंख पाडलेला किडा होता. चिकटपट्टीवर लावलेले पंख एकाच आकाराचे होते, शिरांचे जाळे बारीक होते आणि मुळाची कड सरळ होती. त्या एका किड्याला कंबर नव्हती आणि मिशा माळेसारख्या सरळ होत्या. त्याच्या अंगावर चार लहान खुंट होते. निष्कर्ष असा की एकाच संध्याकाळी दोन वेगळे थवे एकाच खोलीत होते आणि त्यांतला दुसरा घराचाच होता. चौकटीचा खालचा भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकला तेव्हा एका बाजूला भरीव आणि दुसऱ्या बाजूला पोकळ आवाज आला, आणि जमीन व चौकट यांच्या सांध्यावर रंगाखाली मातीची अरुंद नळी दिसली. एकाच डबीत सगळे नमुने टाकले असते, तर पहिल्या काही मुंग्या पाहून तपासणी थांबली असती.

८. मुंगी निघाली तर

बाहेरून आलेल्या पंखवाल्या मुंग्यांसाठी दिवा बंद करणे, खिडकी लावणे आणि झाडून काढणे पुरेसे असते. त्या भिंतीच्या किंवा फरशीच्या फटीतून निघाल्या असतील तर आत घरटे आहे. बहुतेक मुंग्या माती किंवा फटीत राहतात आणि लाकडाला त्रास देत नाहीत, पण मोठ्या काळ्या किंवा तांबूस सुतार मुंग्या ओल्या, कुजलेल्या लाकडात पोकळ्या कोरतात. त्या लाकूड खात नाहीत, तर कोरलेला भुसा बाहेर टाकतात, आणि त्या जाड भुशात मेलेल्या किड्यांचे तुकडे असतात. असा भुसा आढळला तर मुंगी मारण्यापूर्वी पाण्याची गळती शोधून बंद करावी, कारण ओल राहिली तर मुंग्याही परत येतात आणि लाकूडही कुजत राहते.

९. वाळवी निघाली तर

उडणारी वाळवी लाकूड खात नाही आणि चावतही नाही. जमिनीतल्या वाळवीचे घरात राहिलेले पंखवाले किडे बहुधा कोरडेपणाने मरतात, म्हणून ते व्हॅक्यूमने किंवा झाडूने गोळा करावेत आणि नमुना बाजूला ठेवावा. उपाय करायचा असतो तो मागे राहिलेल्या वसाहतीवर.

आधी कोणत्या प्रकारची वाळवी आहे याचा अंदाज घ्यावा. जमिनीतून येणारी वाळवी पेन्सिलीएवढ्या रुंदीच्या मातीच्या नळ्या बांधते, कारण तिला ओलावा टिकवावा लागतो. कोरड्या लाकडातली वाळवी मातीशी संबंध न ठेवता लाकडातच राहते आणि बारीक छिद्रांतून सुमारे १ मिलिमीटर लांबीच्या, सहा बाजू असलेल्या कोरड्या गोळ्या बाहेर टाकते. लाकूड ठोकून पाहताना पोकळ आवाज आला तर तिथे टोकदार वस्तूने हलके टोचून पाहावे, पण मोठा भाग उघडू नये. उघडलेल्या भागातून वाळवी दुसरीकडे सरकते, आणि तपासणी करणाऱ्याला खरी मर्यादा कळत नाही.

मातीची नळी सापडली तर तिचा बोटभर भाग मधूनच मोडावा आणि तारीख लिहून ठेवावी. काही दिवसांनी तो पुन्हा बांधलेला दिसला, तर वसाहत सक्रिय आहे. तो तसाच राहिला म्हणून वाळवी गेली असे मात्र समजू नये, कारण ती दुसरी वाट धरू शकते. कोरड्या लाकडातल्या वाळवीच्या गोळ्यांबाबत जागा पुसून खाली पांढरा कागद अंथरावा. नवीन गोळ्या पडल्या तर ती वाळवी जिवंत असण्याची शक्यता आहे, पण जुन्या पोकळीतल्या गोळ्या हादऱ्यानेही पडतात, म्हणून एकाच निरीक्षणावर थांबू नये.

पेस्ट कंट्रोलच्या माणसाला बोलावताना त्याच्यापुढे तीन गोष्टी ठेवाव्यात: अल्कोहोलमधला किडा, चिकटपट्टीवरचे पंख आणि कोणता नमुना कोठे सापडला याच्या चिठ्ठ्या. जमिनीतल्या वाळवीसाठी पायाभोवतीच्या मातीवर औषध किंवा आमिषाच्या पेट्या वापरतात. कोरड्या लाकडातल्या वाळवीसाठी त्या लाकडावरच किंवा संपूर्ण वास्तूवर वेगळा उपचार होतो. प्रकार न पाहताच एकच फवारणी सुचवणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: ही वाळवी जमिनीतली आहे की लाकडातली, आणि तुम्ही ते कशावरून ठरवले? नळ्या, गोळ्या किंवा पोकळ आवाज यांपैकी काहीही न दाखवता तो उत्तर देत असेल, तर काम सोपवण्यापूर्वी दुसऱ्याकडून तपासणी करून घ्यावी. काम झाल्यानंतर मोडलेल्या नळीची जागा पुन्हा पाहता यावी म्हणून तिचा तारखेसह फोटो आधीच काढून ठेवावा.